कंपासपेटीतली गोगलगाय : चौथीतल्या मुलांची रोजनिशी

चौथीतल्या मुलाला ‘आजच्या दिवसाची रोजनिशी लिही’ असं सांगितलं, की वहीत बहुतेक वेळा हे उमटतं : ‘आज मी सकाळी सहा वाजता उठलो. दात घासले. आंघोळ केली. मग शाळेत गेलो. मग शाळेत गोगलगाय सापडली. खूप मजा आली. मग घरी आलो. मग अभ्यास केला. मग जेवलो आणि झोपलो.’

यात व्याकरणाची एकही चूक नाही. शुद्धलेखनही बरं आहे. तरीही ही रोजनिशी नव्हे, हे वेळापत्रक आहे. ओळखायची खूण अगदी सोपी. वरची तारीख बोटानं झाका आणि हाच मजकूर परवाच्या पानावर चालेल का, ते पाहा. दात, आंघोळ, अभ्यास आणि झोप कुठल्याही दिवशी चालतात. फक्त गोगलगाय त्या एका दिवसाची आहे, आणि नेमकी तीच चार शब्दांत उरकली गेली आहे.

मूल असं का लिहितं? कारण ‘दिवसाची रोजनिशी’ म्हणजे सगळा दिवस सांगायचा, असाच त्याचा समज होतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला चौदा तास आठ-दहा वाक्यांत बसवायचे असतील, तर प्रत्येक गोष्टीला एकेक वाक्यच मिळणार. म्हणून सूचनाच बदलायला हवी. ‘आज काय काय केलंस?’ ऐवजी ‘आजची एकच गोष्ट सांग, जी काल झाली नव्हती’ असं विचारावं. ती गोष्ट मोठी असायची गरज नाही. चप्पल तुटली, डब्यातली भाजी बदलून घेतली, आजीनं पहिल्यांदा मोबाइलवरून फोटो पाठवला, एवढं पुरतं.

गोष्ट ठरली की लगेच पेन हातात देऊ नये. या वयाच्या मुलांचं बोलणं लिहिण्याच्या बरंच पुढं धावत असतं, त्यामुळे आधी तोंडी सांगू द्यावं. मधे चार-पाच प्रश्न घालावेत. गोगलगाय कुठं सापडली? केवढी होती? हात लावल्यावर तिनं काय केलं? त्या वेळी कोण काय बोललं? तुला काय वाटलं? ‘मजा आली’ असं उत्तर आलं, तर ‘कशाची?’ एवढंच विचारावं. शब्द मात्र आपण पुरवू नयेत. ‘हर्षभरित झालो’ हे वाक्य मोठ्यांनी पुरवलं की वही मोठ्यांची होते.

आता तोच दिवस, तेच मूल आणि तीच गोगलगाय. या पाच प्रश्नांनंतर नोंद अशी होऊ शकते :

मंगळवार, ८ जुलै, संध्याकाळ

गोट्या,

आज मधल्या सुट्टीत नळापाशी समीरला गोगलगाय सापडली. माझ्या अंगठ्याएवढी होती. मी तिच्या शिंगाला बोट लावलं, तर तिनं शिंग आत ओढून घेतलं. मला ती घरी न्यायची होती, म्हणून मी तिला कंपासपेटीत ठेवलं. गणिताच्या तासाला पेटी उघडली, तर ती पट्टीवर चढून बसली होती. पट्टीवर ओल्या डिंकासारखी चमकणारी रेघ उमटली होती. समीर हसला आणि बाईंनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण बाई म्हणाल्या, “पेटीत तिला खायला काय देणार तू?” मला उत्तर आलं नाही. शाळा सुटल्यावर आम्ही तिला पेरूच्या झाडाखाली सोडलं. ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच बसलो. पट्टी मी अजून धुतलेली नाही.

नोंद थेट नळापाशी सुरू होते. उठणं, दात घासणं गळालं आणि कुणाला त्याची उणीवही भासली नाही. पहिल्या नोंदीत पाच वेळा आलेला ‘मग’ इथं एकदाही नाही. त्याच्या जागी ‘म्हणून’, ‘तर’, ‘पण’ आले आहेत. हा फरक फार मोलाचा आहे. ‘मग’ फक्त क्रम सांगतो, तर ‘म्हणून’ आणि ‘पण’ एक गोष्ट दुसरीशी जोडतात. घाबरल्याचं सांगायला ‘आता ओरडा बसणार’ हे मनातलं वाक्य जसंच्या तसं आलं. आणि शेवटी ‘यातून मला कळले की प्राण्यांवर दया करावी’ हे तात्पर्य नाही. निबंधाच्या सवयीनं मुलं ते हमखास जोडतात. ते खोडायला सांगावं, कारण न धुतलेली पट्टी त्याहून जास्त बोलते.

‘गोट्या’ हे या वहीचं नाव. वहीला नाव द्यायची ही रीत जगप्रसिद्ध रोजनिशींमध्येही सापडते. ॲन फ्रँकला १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी वही मिळाली आणि तिनं तिला ‘किटी’ म्हटलं. सारायेवोच्या झ्लाता फिलिपोविचनं सप्टेंबर १९९१ मध्ये रोजनिशी सुरू केली, तेव्हा ती दहा वर्षांची होती, म्हणजे आपल्या चौथी-पाचवीतल्या मुलांएवढीच. ॲनचं पाहून तिनं आपल्या वहीला ‘मिमी’ नाव दिलं. सुरुवातीच्या पानांत शाळा, पियानो आणि मैत्रिणी आहेत. १९९२ मध्ये शहराला वेढा पडल्यावर त्याच वहीत तळघर, गेलेली वीज आणि नसलेलं पाणी आलं. नावाचा उपयोग अगदी व्यावहारिक आहे. समोर कुणीतरी ऐकतंय असं वाटलं, की मूल पुस्तकी भाषा सोडून सांगू लागतं. ‘मी गेलो होतो’ असो की ‘म्या गेल्तो’, रोजनिशीत घरची बोली चालते.

लिहून झाल्यावर मुलानं स्वतःच नोंद तपासावी. त्यासाठी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर एवढे प्रश्न लिहून ठेवले तर पुरे :

– वर वार आणि तारीख लिहिली का?
– एकाच गोष्टीबद्दल लिहिलं का?
– मी पाहिलेलं, ऐकलेलं किंवा हात लावलेलं काही त्यात आहे का?
– मला काय वाटलं, ते आलं का?
– ‘मग’, ‘खूप’, ‘छान’, ‘मजा’ यांतला एखादा शब्द दोनदा आला का? आला असेल तर एक बदलला का?

या यादीत शुद्धलेखन मुद्दाम घातलेलं नाही. शुद्धलेखनाची धास्ती घेतलेलं मूल अवघड वाटणारा शब्द टाळून सोपा शब्द लिहितं, कारण सोपा शब्द चुकत नाही. शुद्धलेखनासाठी वेगळी वही असते. रोजनिशीत लाल पेन फिरला, की पुढच्या नोंदी आखूड होत जातात, आणि तीच धोक्याची पहिली खूण असते.

रोज लिहायचा आग्रहही नको. आठवड्यातून तीनदा दहा-दहा मिनिटं, आठ ते बारा वाक्यं, एवढं या वयाला झेपतं. वेळ शक्यतो खेळून आल्यावर, दिवेलागणीची असावी. झोपेच्या वेळी लिहायला बसवलं, तर हटकून ‘जेवलो आणि झोपलो’ हेच येतं, बऱ्याचदा जेवायच्याही आधी.

पालकांनी एक पाळावं. वर्गात शिकण्यासाठी लिहिलेल्या एक-दोन नोंदी बाईंनी, आईनं, आजोबांनी जरूर वाचाव्यात. त्यानंतरची वही मुलाची. ती दप्तरात उघडी पडलेली दिसली, तरी आधी विचारा, आणि ‘नको’ म्हणाला तर मिटून परत ठेवा.