‘तेवढं जरा करून द्या’चे पैसे

मसाल्याचा छोटा उद्योग चालवणाऱ्या एका ग्राहकाने फ्रीलान्स डिझायनरला तीन पाऊचची डिझाइनं सांगितली, असं समजू. कांदा-लसूण, गोडा मसाला आणि लाल तिखट. 24 हजार रुपये ठरले. डिझायनरचा अंदाज 40 तासांचा, म्हणजे तासाला 600 रुपये. पहिलं डिझाइन पसंत पडतं आणि व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, ‘ताई, यावरून एक व्हिजिटिंग कार्डपण करून द्या ना, तुम्हाला पाच मिनिटांचं काम.’ ते होतं. मग दिवाळीची पोस्ट येते, मग मागच्या बाजूचा मजकूर हिंदीतही हवा असतो आणि शेवटी 100 ग्रॅमचा पाऊच 200 ग्रॅमचा होतो. जास्तीचे 20 तास गेले. आता 24 हजार 60 तासांवर वाटायचे. तासाला 400 रुपये. घासाघीस कुणी केलीच नाही, तरी दर एक तृतीयांशाने उतरला.

ग्राहक लबाड असतो म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. पाऊचचं माप बदललं की छपाईचा साचा बदलतो, त्यावर चित्र, नाव, बारकोड, सगळं नव्याने बसवावं लागतं, हे त्याला दिसत नाही. त्याच्या लेखी अक्षरं जरा मोठी करायची असतात. त्यामुळे काम घेतानाच दोन गोष्टी लिहून टाकाव्यात: नेमकं काय मिळणार आणि किती वेळा करेक्शन होणार. ‘तीन पाऊच, 100 ग्रॅमचं माप, मजकूर मराठी आणि इंग्रजी, प्रत्येकी दोन वेळा करेक्शन’ एवढी एक ओळ पुरते. वकिली भाषेचा करारनामा छोट्या ग्राहकाला घाबरवतो. साध्या ईमेलवर ‘मान्य आहे’ असं उत्तर मागून घेतलं तरी पुढे दाखवायला कागद राहतो.

करेक्शन कशाला म्हणायचं, हेही तिथेच सांगावं. एफएसएसएआय परवान्याचा क्रमांक डिझायनरने चुकीचा टाकला, तर ती दुरुस्ती फुकटच आणि कितीही वेळा. लाल रंग गडद करा, हे करेक्शन. पण मंजूर झालेल्या डिझाइनचं माप बदलणं किंवा तिसरी भाषा घालणं हे नवं काम.

एवढं लिहूनही मेसेज येतोच. खरी वेळ ती. पहिल्या मेसेजला जे उत्तर जातं, तेच पुढच्या प्रत्येक मागणीला लागू होतं. व्हिजिटिंग कार्ड मुकाट्याने करून दिलं, तर पोस्टचे पैसे मागताना ग्राहकाला ते विचित्रच वाटणार. नकार देऊ नये, लांबलचक खुलासाही करू नये. ‘हो, कार्ड करून देते. ते ठरलेल्या कामात नाही, त्याचे 1,800 रुपये होतील आणि पाऊच दोन दिवस पुढे जातील. सुरू करू का?’ रक्कम, वेळ आणि प्रश्न, तिन्ही एकाच मेसेजमध्ये. होकार आल्याशिवाय फाइल उघडायची नाही. निम्म्या वेळा ग्राहकच म्हणतो, ‘राहू दे मग सध्या.’

‘बजेट तेवढंच आहे हो’ असं उत्तर आलं, तर रक्कम कमी न करता काम कमी करावं. कार्ड हवं असेल तर लाल तिखटाचा पाऊच पुढच्या महिन्यात घेऊ, असं सुचवता येतं. ‘पुढे खूप काम देणार आहे’ यावर सवलत द्यायचीच असेल, तर ती पुढच्या कामाच्या बिलात द्यावी, आजच्या नाही. सद्भावनेने एखादी गोष्ट फुकट करावीशी वाटली तर जरूर करावी, मात्र बिलात ‘दिवाळी पोस्ट: 1,200, सवलत: 1,200’ अशी ओळ दिसू द्यावी. दिलं काय ते ग्राहकाला कळतं आणि पुढच्या पोस्टचा दरही.

ज्यांचं बरंच फुकट काम आधीच होऊन गेलं आहे, त्यांनी मागचे पैसे मागत बसू नये. न सांगता केलेल्या कामाचे पैसे मिळवणं अवघड असतं आणि त्या वादात उरलेला हप्ताही अडकतो. आतापर्यंतचं जास्तीचं काम यादी करून पाठवावं, ‘हे माझ्याकडून, यापुढचं वेगळ्या दराने’ असं लिहावं.

हप्त्यांची बांधणी इथे कामी येते. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली ओपन फाइल देण्याआधी. आधी नमुना म्हणून कमी रिझोल्यूशनची प्रतिमा पाठवावी, कारण छपाईची फाइल हातातून गेली की बोलणीही संपतात.

आणि पैसेच अडले तर? सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर 2006च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी ठरलेली मुदतही 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती काम घेण्याआधीच करून ठेवावी. तिथेही पहिला प्रश्न येतो तो हाच, की काय ठरलं होतं; तेव्हा ‘मान्य आहे’ लिहिलेली ती ईमेल जपून ठेवावी.