उणे चिन्ह कुठे गेलं?

माझी भाची यंदा सीईटीला बसते आहे. परवा तिनं वही पुढे सरकवली आणि म्हणाली, "मामा, माझं उत्तर ऑप्शनमध्ये आहे. म्हणजे बरोबरच असणार ना?"

प्रश्न साधा होता. z = −√3 + i या संमिश्र संख्येचं मुख्य आर्ग्युमेंट किती? पर्याय चार: π/6, −π/6, 2π/3 आणि 5π/6. तिनं −π/6 वर खूण केली होती. ते चूक आहे. पण तिचं उत्तर पर्यायांत सापडलं हा योगायोग नव्हता. या चारपैकी प्रत्येक पर्यायापर्यंत एकेक वाट जाते, आणि तीन वाटा चुकीच्या आहेत. प्रश्न काढणाऱ्यानं आधी विद्यार्थी कुठे कुठे घसरतात ते पाहिलं आणि तिथे तिथे एकेक पर्याय मांडून ठेवला.

संमिश्र संख्या म्हणजे प्रतलावरचा एक बिंदू. −√3 + i म्हणजे मध्यापासून डावीकडे साधारण 1.73 आणि वर 1. तिथपर्यंतचं सरळ अंतर म्हणजे मॉड्युलस. इथे √(3 + 1), म्हणजे 2. तो बिंदू कोणत्या दिशेला आहे, म्हणजे उजवीकडच्या अक्षापासून घड्याळाच्या उलट किती वळलं की तो समोर येतो, ते आर्ग्युमेंट. अंतर आणि दिशा, एवढंच. संमिश्र संख्यांना असं प्रतलावर पहिल्यांदा मांडणारा कॅस्पर वेसल व्यवसायानं भूमापक होता, यात मला तरी नवल वाटत नाही. जमीन मोजणाऱ्याला दिवसभर दुसरं काय लागतं? त्यानं 1797 मध्ये डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध मांडला. तो डॅनिश भाषेत असल्यामुळे जवळजवळ शंभर वर्षं कोणी त्याची दखल घेतली नाही, आणि आकृतीला नाव मिळालं ते 1806 मध्ये पॅरिसमध्ये हीच कल्पना छापणाऱ्या आर्गँडचं.

आता भाचीची वाट पाहू. तिनं पाठ केलेलं सूत्र वापरलं: y भागिले x, आणि त्याचा tan⁻¹. 1 भागिले −√3. उत्तर −π/6, म्हणजे उणे 30 अंश. आकडेमोडीत एकही चूक नाही. पण उणे 30 अंश म्हणजे उजवीकडे, किंचित खाली. आपला बिंदू तर डावीकडे, किंचित वर आहे. ती थेट उलट्या दिशेला जाऊन पोचली होती.

हे झालं भागाकारामुळे. 1/(−√3) आणि (−1)/√3 हे दोन अपूर्णांक एकच आहेत. उणे चिन्ह वरच्या संख्येचं होतं की खालच्या, हे भागाकार झाल्यावर कळायला मार्ग उरत नाही. त्यामुळे −√3 + i आणि √3 − i हे एकमेकांच्या बरोबर समोरचे बिंदू tan⁻¹ ला सारखेच दिसतात, आणि तो ठरलेल्या सवयीनं नेहमी उजव्या बाजूचंच उत्तर देतो. बिंदू पहिल्या किंवा चौथ्या चरणात असेल तर काही बिघडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात असेल तर उत्तर 180 अंशांनी चुकतं. संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही हीच अडचण येते, म्हणून त्यांच्याकडे दोन वेगळी फंक्शनं असतात. `atan(1 / -1.732)` सुमारे −0.5236 देतं, म्हणजे −π/6. `atan2(1, -1.732)` सुमारे 2.618 देतं, म्हणजे 5π/6. दुसऱ्याला y आणि x वेगवेगळे सांगितलेले असतात, म्हणून त्याला चिन्हं कुणाची ते माहीत असतं.

उरलेले दोन पर्यायही असेच. चिन्हाकडे दुर्लक्ष केलं की π/6 येतं. y/x ऐवजी x/y घेतलं, पण चरण मात्र बरोबर ओळखला, तर 2π/3. बरोबर उत्तराला सूत्राआधी एक ओबडधोबड आकृती लागते. बिंदू डावीकडे वर आहे, डाव्या अक्षापासून 30 अंश उचललेला. म्हणून 180 वजा 30, म्हणजे 150 अंश: 5π/6. सीईटीत गणिताच्या 50 प्रश्नांना 90 मिनिटं असतात, तरी या आकृतीला पाच सेकंदसुद्धा लागत नाहीत.

भाचीनं लगेच विचारलं, "आणि याचा वर्ग केला तर?" वर्ग केला की आर्ग्युमेंटची बेरीज होते: 150 अधिक 150, म्हणजे 300 अंश, 5π/3. पण अशा प्रश्नात 5π/3 आणि −π/3 शेजारी शेजारी दिसले तर थांबायचं. दिशा एकच आहे, उजवीकडे खाली. काही पुस्तकांत मुख्य आर्ग्युमेंट −π पेक्षा मोठं आणि π पर्यंत घेतात, तिथे −π/3 बरोबर. काही पुस्तकं 0 पासून 2π पर्यंत मोजतात, तिथे 5π/3. हा गणिताचा नाही, संकेताचा प्रश्न आहे, आणि तो परीक्षेत उत्तरावर ठरावा हे मला फारसं पटत नाही. पण ठरतो खरा.

यापेक्षा पुढचा प्रश्न मला आवडतो. arg((z − 1)/(z + 1)) = π/4 असेल तर z कुठे कुठे असू शकतो? पर्यायांत एक असतं "(0, 1) केंद्र आणि √2 त्रिज्या असलेलं वर्तुळ", आणि दुसरं "त्याच वर्तुळाचा x-अक्षाच्या वरचा कंस". बहुतेकजण पहिल्यावर खूण करतात.

z = x + iy घालून सरळ केलं तर त्या अपूर्णांकाचा वास्तव भाग x² + y² − 1 च्या आणि काल्पनिक भाग 2y च्या प्रमाणात येतो. π/4 चा tan 1 असतो, म्हणून दोन्ही सारखे: x² + y² − 1 = 2y. हे वर्तुळ झालं. मुलं इथेच पेन ठेवतात. पण दोन संख्या सारख्या असणं म्हणजे दोन्ही धन असणं नव्हे. दोन्ही ऋण असल्या तरी भागाकार 1 च येतो.

वर्तुळाचा सगळ्यात खालचा बिंदू तपासून पाहा: x = 0, y = 1 − √2, म्हणजे सुमारे −0.414. वास्तव भाग 0.172 − 1, म्हणजे −0.828. काल्पनिक भागही −0.828. दोन्ही उणे, म्हणजे तिसरा चरण, आर्ग्युमेंट −3π/4. पुन्हा तेच: tan मध्ये घातल्यावर उणे चिन्हं हरवली. π/4 मिळायला 2y धन हवा, म्हणजे y शून्यापेक्षा मोठा. x-अक्षावरचे 1 आणि −1 हे दोन बिंदूसुद्धा चालत नाहीत, कारण तिथे एकतर अंश शून्य होतो नाहीतर छेद.

दहावीतला अंतर्लिखित कोनाचा नियम आठवत असेल तर हे आकृतीत दिसतंही. 1 आणि −1 ला जोडणारी जीवा वरच्या कंसावरच्या कुठल्याही बिंदूवरून 45 अंशांत दिसते. खालच्या कंसावरून तीच जीवा 135 अंशांत दिसते, आणि वळण्याची दिशा उलट असते.

भाचीनं कंपासनं पूर्ण वर्तुळ काढलं होतं. मग खोडरबर घेऊन अक्षाखालचा भाग पुसला, आणि 1 व −1 पाशी दोन पोकळ टिंबं काढली.