कॉम्प्रेसर तोच, रकाना वेगळा!

कॉलेजसमोरचं ज्यूस सेंटर डोळ्यासमोर आणा. मालकाने जूनमध्ये ४० हजारांचा सेकंडहँड डीप फ्रीझर घेतला. टेम्पोभाडं दीड हजार झालं. दुकानात आणल्यावर कळलं की कॉम्प्रेसर गेलाय. तो बदलायला ६ हजार लागले. स्वतंत्र वायर ओढून प्लग पॉइंट द्यायला इलेक्ट्रिशियनने अडीच हजार घेतले. आता सांगा, यातला भांडवली खर्च किती?

बरेचजण म्हणतील, ४० हजार. उत्तर आहे ५० हजार! वस्तू वापरण्याजोगी होईपर्यंत जे जे लागलं, ते तिच्या किमतीतच धरतात. त्यामुळे भाडं, वायरिंग आणि 'दुरुस्ती' वाटणारा कॉम्प्रेसरसुद्धा किमतीत गेला.

दोन वर्षांनी तोच कॉम्प्रेसर पुन्हा बिघडला आणि तसाच नवा बसवला, तर? आता तो महसुली खर्च. चालू फ्रीझर चालू ठेवला, एवढंच झालं. नवीन काही मिळालं नाही. म्हणजे बिलावर काय लिहिलंय यापेक्षा त्या पैशांनी काय साधलं, हे बघायचं.

याने फरक काय पडतो? समजा, या फ्रीझरचा खर्च धरण्याआधी वर्षाचा नफा ३ लाख आहे. सगळे ५० हजार यंदाच खर्ची टाकले तर नफा अडीच लाख दिसेल आणि कर कमी बसेल. पण प्राप्तिकराच्या नियमांनुसार अशा यंत्रावर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, म्हणजे साडेसात हजार. खरा करपात्र नफा २ लाख ९२ हजार ५००. उरलेले साडेबेचाळीस हजार मालमत्ता म्हणून पुढच्या वर्षात जातात. फ्रीझर त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असता, तर घसाराही निम्माच मिळाला असता.

दुकानाच्या जागेलाही हाच न्याय. रंगकाम, गळके पत्रे बदलणं, तुटलेल्या फरश्या बसवणं हे महसुली. जागा होती तशी झाली. पण सामान ठेवायला पोटमाळा काढला, तर तो भांडवली. आधी नव्हती अशी सोय झाली. इथे रकमेवर जाऊ नका. पत्र्यांचे ६० हजार महसुली असू शकतात आणि नव्या मिक्सरचे ४ हजार भांडवली.

खरा घोळ होतो तो कॉन्ट्रॅक्टरच्या एकत्र बिलामुळे. 'दुकानाचे काम, ८० हजार' एवढंच लिहिलं असेल, तर त्यात रंग किती आणि पोटमाळा किती, हे वर्षअखेरीस कोणालाच सांगता येत नाही. म्हणून काम सुरू होतानाच दोन वेगळी बिलं मागायची. घरचं दुकान असेल, तर आज बाबांच्या बिलांची फाइल उघडून बघाच!