चोरवाट कुणासाठी ठेवली होती?

नव्वदचं दशक संपत असताना पाथरीसारख्या तालुक्याच्या गावात व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचं एक स्वस्त खोकं आणि त्यात खोचायची कॅसेट. कॅसेटवर ‘9999 in 1’ असं बिनदिक्कत छापलेलं असे. यादी उघडली की तेच मोजके गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा दिसत. ‘काँट्रा’च पाच-सहा वेळा. पण ते पाच-सहा काँट्रा अगदी सारखे नसत. एक पहिल्या स्टेजपासून सुरू होई, दुसरा थेट धबधब्याच्या स्टेजपासून, तिसऱ्यात हातात आधीच तगडी बंदूक. नकली कॅसेट बनवणाऱ्याने नवं काहीच केलेलं नसे. गेम सुरू होताना मेमरीत स्टेजचा आणि लाइफचा आकडा लिहिला जातो, तेवढा त्याने बदललेला असे. आमच्या पिढीला चीट भेटला तो असा, यादीतला आणखी एक गेम म्हणून.

हाच आकडा बदलायची गरज सगळ्यात आधी पडली ती खुद्द गेम बनवणाऱ्यांना. मूळ काँट्रात आठ स्टेज आणि तीन लाइफ. एक गोळी लागली की एक लाइफ गेली. समजा आठव्या स्टेजवरचा शत्रू भिंतीत अडकतोय अशी तक्रार आली. प्रोग्रॅमर दुरुस्ती करतो, पण ती जमली का हे बघायला दर वेळी सात स्टेज पार करायच्या, तेही न मरता. दिवसातून अनेकदा हे करायचं तर दिवसच पुरणार नाही. शिवाय प्रोग्रॅम लिहिणारा माणूस चांगला खेळाडू असतोच असं नाही.

कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची नेमकी हीच अडचण होती. १९८५ चा ‘ग्रेडियस’ हा विमानाचा आर्केड गेम ते घरगुती फॅमिकॉम यंत्रासाठी तयार करत होते. १९८६ साली तो बाजारात आला. ग्रेडियसमध्ये विमान एकदा पडलं की जमवलेली सगळी शस्त्रं जातात आणि पुढचा प्रवास जवळजवळ अशक्य होतो. आपल्याच्याने हा गेम पार होत नव्हता, हे हाशिमोतो यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. म्हणून त्यांनी सोय केली: गेम थांबवायचा आणि वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए अशी बटणं दाबायची. विमान शस्त्रांनी सज्ज. क्रम असा तालबद्ध का? तो त्यांना स्वतःलाच रोज दाबायचा होता, लक्षात राहायला सोपा हवा. पण खेळताना चुकून दाबला जाणार नाही इतका लांबही हवा. आज ‘कोनामी कोड’ म्हणून जगभर ओळखला जातो तो हाच. दोन वर्षांनी तोच क्रम घरगुती काँट्रात आला आणि सुरुवातीच्या पडद्यावर दाबला की तीनच्या तीस लाइफ मिळू लागल्या.

मग काम झाल्यावर हे काढून का टाकलं नाही? इथे आळसाला दोष देणं सोपं आहे, पण खरं कारण भीतीचं होतं. त्या काळचा गेम यंत्राच्या भाषेत, एकेका बाइटचा हिशेब ठेवून लिहिलेला असे. मधला तुकडा काढला की पुढचं सगळं सरकतं, आणि कुठलीतरी उडी भलत्याच जागी पडू शकते. म्हणजे काढल्यानंतर पूर्ण गेम पुन्हा तपासायचा, आणि तोही आता चोरवाटेशिवाय. कॅसेटमधली चिप कारखान्यात एकदा तयार झाली की दुरुस्ती नाही. चूक निघाली तर माल परत. त्यापेक्षा जे चालतंय ते असू द्यावं आणि दार दिसणार नाही असं करावं, हा शहाणपणाचा हिशेब होता. ‘सोनिक’च्या पहिल्या, १९९१ च्या गेममध्ये तर बटणांच्या गुप्त क्रमाने असा डीबग मोड उघडतो, की सोनिकच्या जागी एखादी वस्तू घेऊन ती नकाशात हवी तिथे ठेवता येते. स्टेज रचणाऱ्याचं हत्यारच ते, तसंच कॅसेटमध्ये बाहेर पडलेलं.

या प्रकारातला माझा सर्वांत आवडता किस्सा मात्र आळसाचाही नाही आणि भीतीचाही नाही, तो निव्वळ हुशारीचा आहे. १९९६ चा ‘सोनिक थ्रीडी’ ब्रिटनच्या ट्रॅव्हलर्स टेल्स कंपनीने केला. त्यात चालू गेममध्ये कॅसेटवर हलकेच बुक्की मारली की स्टेज निवडायचा गुप्त पडदा उघडे. मुलांना वाटलं, काय भन्नाट चीट आहे! कंपनीचे जॉन बर्टन यांनी बऱ्याच वर्षांनी खुलासा केला. गेम बाजारात आणायच्या आधी सेगाच्या तपासणीतून जावा लागे आणि मध्येच बंद पडला तर परत पाठवला जाई. तेव्हा प्रोसेसरने चूक पकडली की तो जिथे उडी मारतो, तिथेच बर्टन यांनी गुप्त पडदा ठेवून दिला. गेम कोसळला तरी तपासणाऱ्याला वाटावं की आपल्याला काहीतरी गंमत सापडली. बुक्कीने कॅसेटचा संपर्क क्षणभर सुटे, प्रोसेसरला चुकीचा आकडा मिळे आणि तो थेट त्या पडद्यावर जाई.

२००३ मध्ये ‘व्हाइस सिटी’ कॉम्प्युटरवर आला आणि यथावकाश आमच्याकडच्या नेट कॅफेंमध्येही पोचला. मराठवाड्यातलं ते भारनियमनाचं युग. तासाचे पैसे मोजलेले, लाइट कधी जाईल नेम नाही. मिशन रीतसर पूर्ण करायला वेळ कुणाकडे? `PANZER` टाइप केलं की समोर टँक, `LEAVEMEALONE` केलं की पोलिस मागे हटले. कोड लिहायला वेगळा चौकोन नव्हता. गेम शेवटची दाबलेली अक्षरं लक्षात ठेवतो आणि आपल्या यादीशी ताडून बघतो, बस्स. त्यामुळे टाइप करताना गेममधला माणूस उगाच इकडेतिकडे सरके. याच यादीत `CATSANDDOGS` हा पाऊस पाडणारा कोडही आहे. वादळी पावसात गाडी कशी घसरते हे तपासायचं असेल तर पावसाची वाट पाहत कोण बसेल? तिथे टेस्टरची गरज अजून ओळखू येते. टँक मात्र एव्हाना गिऱ्हाइकासाठीच ठेवलेला होता, असं माझं मत.

२००५ मध्ये ही सढळ वृत्ती अंगाशी आली. ‘सॅन अँड्रियास’मधला एक अश्लील भाग कंपनीने बंद केला होता, पण डिस्कवरून पुसला नव्हता. एका हौशी प्रोग्रॅमरने तो उघडायची युक्ती पसरवली. अमेरिकेच्या वर्गीकरण मंडळाने गेमला थेट ‘फक्त प्रौढांसाठी’ दर्जा दिला आणि मोठ्या दुकानांनी तो फळ्यांवरून उतरवला. ‘बंद केलंय, पण आत आहे’ ही सबब आता चालणार नव्हती. डीबग मेनू आजही प्रत्येक स्टुडिओत असतो. फरक एवढाच की टेस्टरसाठी गेमची एक प्रत तयार होते आणि गिऱ्हाइकासाठी दुसरी, आणि दुसरीत तो मेनू शक्यतो घेतलाच जात नाही.

गुप्त क्रमाने मिळणाऱ्या फुकट लाइफही त्याच सुमारास आटल्या. ऑनलाइन खेळात समोर दुसरा माणूस आला, तिथे एकाला तीस लाइफ देऊन चालत नाही. आणि कंपन्यांना कळलं की ही गोष्ट विकता येते. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले. कँडी क्रशमध्ये आज पाच लाइफ मिळतात. त्या संपल्या की एक परत यायला अर्धा तास थांबायचं, नाहीतर पैसे मोजायचे.