तीन तासांचा हिशेब: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीच्या शास्त्र शाखेतील विद्यार्थ्याला परीक्षेतील वेळेविषयी जे उपदेश वर्षभर ऐकावे लागतात, त्यांतील बहुतेक ऐकताना निर्विवाद वाटतात आणि प्रत्यक्ष प्रश्नपत्रिकेशी गाठ पडताच लंगडू लागतात. म्हणून त्यांची पारख मोघमपणे न करता एखादी नेमकी प्रश्नपत्रिका समोर ठेवूनच करावी हे बरे. महाराष्ट्र राज्य मंडळाची भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका 70 गुणांची आणि तीन तासांची असते. तिच्या ‘अ’ विभागात एकेका गुणाचे दहा बहुपर्यायी आणि आठ अतिलघुत्तरी प्रश्न असतात. ‘ब’ विभागात दोन गुणांच्या बारांपैकी आठ, ‘क’ विभागात तीन गुणांच्या बारांपैकी आठ, आणि ‘ड’ विभागात चार गुणांच्या पाचांपैकी तीन प्रश्न सोडवावयाचे असतात.

पहिला गैरसमज असा, की गुणांच्या प्रमाणात वेळ वाटली म्हणजे नियोजन झाले. 180 मिनिटांना 70 गुणांनी भागले तर दर गुणामागे अडीच मिनिटांहून किंचित अधिक वेळ येते, आणि विद्यार्थी हा आकडा मनाशी धरून निश्चिंत होतो. परंतु या भागाकारात सारी पुंजी पहिल्याच फेरीत खर्ची पडते, अडलेल्या प्रश्नासाठी किंवा तपासणीसाठी छदामही शिल्लक राहत नाही, हे त्याच्या ध्यानी येत नाही. खरा हिशेब उलट्या दिशेने करावा लागतो. आधी राखीव वेळ बाजूला काढावी आणि उरलेली विभागांत वाटावी. दर गुणामागे दोनच मिनिटे धरली तर लेखनाला 140 मिनिटे लागतात आणि 40 मिनिटे हाती उरतात. त्यांतील दहा प्रश्नपत्रिका वाचून कोणते प्रश्न घ्यावयाचे ते ठरविण्यासाठी, पंधरा अडलेल्या प्रश्नांसाठी आणि पंधरा तपासणीसाठी ठेवावीत.

या 140 मिनिटांची वाटणीही सरसकट करून चालत नाही. ‘अ’ विभागाच्या 18 गुणांना हिशेबाने 36 मिनिटे येतात. पण तेथील कित्येक प्रश्न अर्ध्या-पाऊण मिनिटात उलगडत असल्याने 26 मिनिटे पुरतात. वाचलेल्या दहांपैकी दोन ‘ब’ला आणि चार-चार ‘क’ व ‘ड’ला द्यावीत, कारण लांबलचक सिद्धता आणि आकडेमोडीची उदाहरणे तेथेच भेटतात, आणि गणकयंत्राला मज्जाव असल्याने लॉग टेबलाची पाने उलटण्यात जाणारा काळही तेथेच मोजावा लागतो. म्हणजे अकराला आरंभ धरल्यास अकरा वाजून दहा मिनिटांनी लेखन सुरू होऊन ‘अ’ 11.36 ला, ‘ब’ 12.10 ला, ‘क’ 1.02 ला आणि ‘ड’ 1.30 ला संपावा. हे चार आकडे पाठ असलेल्या विद्यार्थ्याला आपण किती मागे पडलो ते घड्याळाकडे एकदा पाहताच कळते. केवळ भराभर लिहिण्याचा निश्चय करून आलेल्याला ते बहुधा दीड वाजता कळते.

दुसरा गैरसमज हट्टी आहे: कठीण प्रश्न हातचा सोडला म्हणजे गुण गेले, सबब तो तडीस नेल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘क’ विभागातील तीन गुणांच्या प्रश्नाला आपल्या हिशेबाने साडेसहा मिनिटे मिळतात. आठ मिनिटे उलटूनही वाट दिसत नसेल, तर सूत्र आणि दिलेल्या किमती स्वच्छ लिहून, खाली अर्धे पान कोरे ठेवून पुढील प्रश्नाकडे वळावे; अशा उत्तरांची तपासणी पायऱ्यांनुसार होत असल्याने तेवढे लेखनही सहसा वाया जात नाही. नंतर राखीव पंधरा मिनिटांत परत येताना आधी विचारावे, की हा प्रश्न मुळात सोडवावयाचाच आहे काय? बारांपैकी आठच हवे असल्याने चार प्रश्न बाजूला उभे असतात, आणि अडलेल्याशी झुंजण्यापेक्षा त्यांतील एखादा सहा मिनिटांत लिहून होत असेल तर बदली करणेच शहाणपणाचे. ‘अ’ विभागात मात्र ही मुभा नाही. तेथे सर्व प्रश्न सक्तीचे आहेत.

याच विभागाशी तिसरा गैरसमज निगडित आहे. शंकास्पद बहुपर्यायी प्रश्नाचे काहीतरी उत्तर आधी लिहून ठेवावे आणि तपासणीच्या वेळी बदलावे, असे पुष्कळांना वाटते. मंडळाची सूचना वेगळे सांगते: बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचे अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहिणे अनिवार्य असून केवळ पहिलाच प्रयत्न मूल्यमापनासाठी ग्राह्य धरला जातो. तेव्हा शंका असेल तेथे क्रमांक घालून दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात, आणि निर्णय राखीव वेळेत, पण एकदाच, कागदावर उतरवावा.

तपासणी म्हणजे उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून वाचून काढणे, हा चौथा गैरसमज. पंधरा मिनिटांत ते घडत नाही, आणि घडले तरी आपल्याच वाक्यांवरून डोळा सराईतपणे घसरत जातो व चूक जागच्या जागी राहते. चूक ज्या ठिकाणी हमखास होते तेथेच थेट जावे. उदाहरणार्थ, 0.5 मिलिमीटर त्रिज्येच्या केशनळीत पाणी किती उंच चढेल असा प्रश्न असून पृष्ठताण 0.072 दिला आहे. स्पर्शकोन शून्य धरला तर 0.144 ला 4.9 ने भागावयाचे. 0.144 चा लॉग 1̄.1584 आणि 4.9 चा 0.6902, वजाबाकी 2̄.4682, आणि उत्तर सुमारे 0.0294 मीटर, म्हणजे जवळजवळ तीन सेंटिमीटर. घाईत एकवरचा बार निसटला की तीच वजाबाकी 0.4682 येते आणि उत्तर 2.94 मीटर होते! आकडे तेच, पायऱ्या तशाच. पुन्हा वाचणाऱ्याला ही चूक दिसणार नाही, पण एवढ्या नळीत पाणी माणसाच्या डोक्यावरून वर चढेल काय, असे विचारणाऱ्याला ती तत्क्षणी दिसेल. म्हणून तपासणीत प्रथम प्रत्येक उदाहरणाचे अंतिम उत्तर, त्याचे एकक आणि दहाचा घात पाहावा. मग प्रश्नांचे क्रमांक, प्रत्येक विभागातील उत्तरांची संख्या आणि पुरवण्यांचा क्रम.

शेवटचा गैरसमज अलीकडचा आहे. प्रश्नपत्रिका दहा मिनिटे अगोदर देण्याची जुनी पद्धत बंद करून मंडळाने 2023 च्या परीक्षेपासून शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली, तेव्हापासून पुष्कळ विद्यार्थी 190 मिनिटांचाच आराखडा आखू लागले आहेत. ही मिनिटे आराखड्यात धरू नयेत. आसनक्रमांकाची नोंद, पर्यवेक्षकांची स्वाक्षरी, पुरवणीची मागणी आणि ती बांधणे यांत मिळून तेवढा वेळ सहज खर्च होतो, आणि तो कोणत्याही विभागाच्या खात्यात मांडलेला नसतो.