सगळी जागा आजच वाटू नका

लिनक्स नव्याने टाकताना इन्स्टॉलर डिस्कच्या वाटणीचा प्रश्न विचारतो. रूट म्हणजे जिथे प्रणाली राहते तो भाग, होम म्हणजे जिथे फोटो, कागदपत्रे आणि सेटिंग्ज राहतात तो भाग. दोन्ही वेगळे ठेवले तर पुढे प्रणाली पुन्हा टाकतानाही होम हलवावे लागत नाही, म्हणून बरेच जण तसे करतात. मग अंदाजाने रूटला ३० जीबी देऊन उरलेले सगळे होमला देतात. पुढे होममध्ये शेकडो जीबी मोकळे पडलेले असताना एखादा अपडेट मध्येच थांबतो आणि पडद्यावर `No space left on device` असे येते.

हा अंदाज चुकण्याचे कारण समजण्यासारखे आहे. ताजी डेस्कटॉप प्रणाली दहा-पंधरा जीबीत मावते, त्यामुळे ३० जीबी भरपूर वाटतात. पण वापरणाऱ्याच्या हौसेची बरीच सामग्री होममध्ये न जाता रूटमध्ये साठते. फ्लॅटपॅकचे अॅप `/var/lib/flatpak` मध्ये उतरतात, डॉकरच्या इमेजेस `/var/lib` खालीच, आणि व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क बहुधा `/var/lib/libvirt/images` मध्ये. एका व्हर्च्युअल मशीनचीच डिस्क वीस-तीस जीबीची असू शकते. उलट व्हिडिओ संपादन करणाऱ्याचे होम आधी भरते. तेव्हा लक्षण वेगळे दिसते: पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा समोर येतो, कारण डेस्कटॉपला स्वतःच्या छोट्या फायली लिहायलाही जागा उरलेली नसते. अशा वेळी Ctrl+Alt+F3 दाबून साध्या अक्षरी पडद्यावर लॉगिन करता येते आणि तिथून फायली हटवता येतात.

साध्या पार्टिशनांमध्ये ही चूक नंतर दुरुस्त करणे जिकिरीचे असते. ext4 ही नेहमीची फाइल सिस्टिम चालू स्थितीत वाढवता येते, लहान मात्र माउंट काढल्यावरच करता येते. शिवाय रूटच्या लगेच पुढे होम असेल, तर होम आक्रसून त्याची सुरुवातच पुढे सरकवावी लागते. म्हणजे पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचे आणि सगळा डेटा डिस्कवर इकडून तिकडे हलताना तासन्‌तास थांबायचे. मध्ये वीज गेली तर डेटाच धोक्यात. XFS वापरली असेल तर होम लहान करण्याचा मार्ग जवळजवळ बंदच असतो.

म्हणून अचूक आकडे शोधत बसण्यापेक्षा काही जागा कुणालाच न देणे शहाणपणाचे. त्यासाठी एलव्हीएम वापरावे. यात डिस्कचा मोठा भाग एका सामाईक साठ्यात जातो, त्याला व्हॉल्यूम ग्रुप म्हणतात, आणि रूट, होम त्यातून कापले जातात. भाग सलग असण्याची अट राहत नाही. डेबियनचा इन्स्टॉलर एलव्हीएम निवडल्यावर ग्रुपपैकी किती जागा वापरायची ते विचारतो. तिथे पूर्ण आकडा आधीच भरलेला असतो; तोच कमी करायचा. हे एक पाऊल घाईत सुटले, की पुढचा सगळा खटाटोप व्यर्थ जातो.

समजा ५१२ जीबीचा एसएसडी आहे. लिनक्सच्या मोजणीत तो सुमारे ४७६ दिसतो. बूटसाठी दोन जीबी, रूटला ६०, होमला २००, स्वॅपला ८ दिले, तरी दोनशेच्या वर शिल्लक राहतात. वर्षभराने `df -h` मध्ये रूट ९० टक्क्यांवर गेलेले दिसले, तर आधी कारण पाहावे:

```
sudo du -xh --max-depth=1 /var/lib
```

इथला `-x` महत्त्वाचा आहे, तो मोजणी त्याच फाइल सिस्टिमपुरती ठेवतो. वाढ खरोखर गरजेची असेल, तर `sudo vgs` ने शिल्लक बघून एक आज्ञा द्यायची (ग्रुपचे नाव `laptop-vg` असे धरून):

```
sudo lvextend -r -L +20G /dev/laptop-vg/root
```

`-r` मुळे व्हॉल्यूमबरोबर आतली फाइल सिस्टिमही वाढते. यंत्र बंद करावे लागत नाही, होमला धक्का लागत नाही.

ext4 एरवी आपल्या पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. रूटमध्ये ही राखीव जागा मोलाची, कारण भाग भरला तरी प्रणालीच्या सेवा काही काळ तग धरतात. २०० जीबीच्या होममध्ये मात्र त्यात १० जीबी अडकतात. तिथे `tune2fs -m 1` ने ते दोनवर आणता येतात.

फेडोराने २०२० मध्ये, ३३व्या आवृत्तीपासून, डेस्कटॉपवर बीटीआरएफएस आणली. तिच्यात रूट आणि होम हे एकाच साठ्याचे उपविभाग असतात, मध्ये भिंतच नसते. एकात जागा आणि दुसऱ्यात टंचाई हा प्रकार तिथे संपतो, पण कोटा न लावल्यास होममधले व्हिडिओ रूटचीही सगळी जागा खाऊ शकतात. एकाच माणसाच्या लॅपटॉपवर हे चालून जाते. घरात तीन-चार जण एकच संगणक वापरत असतील, तर एलव्हीएमची भिंत आणि बाजूची शिल्लक जास्त भरवशाची.