स्टोअरचा चार्ज

माझी जन्मतारीख १ जून. माझ्या पिढीतल्या गावाकडच्या कितीतरी जणांची तीच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली आणि जन्मभर चिकटली. १ जूनला जन्मलेला माणूस ३१ मेला निवृत्त होतो, आणि साखर कारखान्याच्या स्टोअरकीपरला यापेक्षा अडचणीचा दिवस शोधून सापडणार नाही. गळीत संपून मिल उघडी पडलेली असते. निम्मा माल रॅकवर, निम्मा वर्कशॉपमध्ये. पुढच्या हंगामाच्या ऑर्डरी नुकत्याच सुटलेल्या असतात, आणि पाऊस आठवड्यावर आलेला असतो. अशा वेळी दुसऱ्याच्या हातात किल्ल्या द्यायच्या.

मला चार्ज मिळाला होता तो असा: एक किल्ल्यांचा जुडगा, एक जाडजूड स्टॉक रजिस्टर आणि एक वाक्य. “सगळं पुस्तकात आहे.” मी सही केली. ‘मोजून घेतले’ असं छापलेल्या ओळीवर न मोजता सही केली, कारण मोजायला मागणं म्हणजे जाणाऱ्यावर संशय घेणं, असं तेव्हा वाटलं. त्याची किंमत डिसेंबरात कळली.

रात्री दोनला बगॅस कॅरिअरचं बेअरिंग गेलं. मिलमधून निघणारं चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरपर्यंत नेणारा तो पट्टा. तो थांबला की बॉयलरला जळण नाही, वाफ नाही, मिल बंद, आणि यार्डात उसाच्या गाड्या वाळत उभ्या. फिटर चिठ्ठी घेऊन आला: २२२२० के. पुस्तकात २२२२० तीन शिल्लक. मी ऐटीत तिन्ही खोकी काढून दिली. अर्ध्या तासानं तो परत आला. “साहेब, ही बसत न्हाईत.”

या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की बेअरिंगचं भोक कळतं. वीस गुणिले पाच, शंभर मिलिमीटर. साधं बेअरिंग शंभरच्या सरळ शाफ्टवर ठोकून बसवतात. नंबरापुढे ‘के’ असेल तर भोक किंचित निमुळतं असतं. ते नव्वदच्या शाफ्टवर मधे स्लीव्ह घालून, नट आवळून बसवतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, वजनात फारसा फरक नाही, पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. आमच्या पुस्तकात दोघांना एकच कोड होता. कुण्या कारकुनाला ‘के’ म्हणजे कंपनीचं काहीतरी असेल असं वाटलं आणि त्यानं ते गाळलं. तिन्ही साधी होती. शेवटी शेजारच्या कारखान्यातून जीप पाठवून एक ‘के’ उसनं आणलं. मिल सकाळी सुरू झाली.

माझ्या आधीच्या माणसाला हा घोळ माहीत होता. नंतर भेटल्यावर तो सहज म्हणाला, “हां, ते एकत्रच आहे, बघून द्यायचं.” एवढं एक वाक्य त्यानं कागदावर लिहून ठेवलं असतं तर!

म्हणून माझी पाळी आली तेव्हा मी अकरा पानांचं टिपण लिहिलं. रजिस्टरात जे आहे ते त्यात पुन्हा लिहिलं नाही. नवीन माणसाला रजिस्टर वाचता येतं. रजिस्टर जिथे खोटं बोलतं तेवढंच टिपणात घातलं.

माल कुठे आहे, याला दोन पानं पुरली. खोली, रॅक, कप्पा असा पत्ता प्रत्येक बिन कार्डावर असतोच. लिहावं लागलं ते पत्त्यावर नसलेल्या मालाबद्दल. मिलचा जादा शाफ्ट एवढा लांब की तो स्टोअरमागे ताडपत्रीखाली आहे, आणि त्याच्या जर्नलवरचं ग्रीस पावसाआधी बघायचं. पंख्याची स्पेअर मोटर बॉयलर विभागातच पडून आहे. पुस्तकात ती आपली, पण नजरेत त्यांची. तिचा शाफ्ट महिन्यातून एकदा हातानं फिरवायचा, नाहीतर बेअरिंग एकाच जागी दबून खराब होतं. ऑइलची बॅरल उघड्यावर ठेवायची वेळ आली तर आडवी ठेवायची, उभी नाही. उभ्या बॅरलच्या डोक्यावर पाणी साचतं आणि रात्री ऑइल गार होऊन आकसलं की ते पाणी बुचातून आत ओढलं जातं. आणि सात नंबर रॅकच्या वरचा पत्रा गळतो, तिथे चुन्याच्या गोणी कधीही नकोत. कळीचा चुना भिजला की तापतो आणि शेजारची गोणी पेटवू शकतो. पत्रा बदलण्याची मागणी मी तीन वेळा दिली आहे, तारखा शेवटच्या पानावर आहेत.

येणाऱ्या मालाची यादी कॉम्प्युटर देतो, पण तिच्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे. यंदाचंच उदाहरण घ्या. रस आटवण्याच्या इव्हॅपोरेटरसाठी बाराशे नळ्यांची ऑर्डर होती. पहिल्या खेपेत सातशे आल्या, आवक नोंद झाली, यादीत ‘बाकी ५००’ दिसू लागलं. नंतर तपासणीत साठ नळ्या आखूड निघाल्या. नळीचं टोक प्लेटच्या बाहेर थोडं यावं लागतं, तेव्हाच ती फुगवून घट्ट बसवता येते. आखूड नळी फेकायच्याच लायकीची. त्या साठ पुरवठादाराकडे परत गेल्या, पण गेटपासवर. आवक नोंद कुणी उलटवली नाही. म्हणजे येणं बाकी ५६०, कॉम्प्युटर सांगतो ५००. नवीन माणसानं पाचशे मोजून ऑर्डर बंद केली असती तर ऐन बसवणीत साठ भोकं रिकामी राहिली असती. त्यात बिल सातशेंचं आलेलं आहे, म्हणून मी टिपणात ठळक लिहिलं: साठच्या बदली माल आल्याशिवाय या बिलावर शेरा देऊ नकोस.

तोंडी ऑर्डरींचं वेगळं पान केलं. हंगामात साहेब फोनवर माल मागवतात, कागद मागून होतो, कधी होतच नाही. अशा तीन होत्या. त्या लिहिताना हात थोडा अडखळला, खोटं कशाला बोलू. लिहिलं म्हणजे कुणाची तरी अडचण होते.

मात्र खरं काम शेवटच्या सहा पानांत आहे, म्हणजे नोंदींच्या चुकांत. स्टोअरकीपर ही पानं लिहीत नाही याचं कारण आळस नाही. तूट लिहिली तर आपल्या देण्यातून वसूल होईल, ही भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. बहुतेक तूट ही तूट नसतेच, मापाचा घोळ असतो.

पंपाच्या शाफ्टभोवती गळती रोखायला सुताची दोरी भरतात, तिला ग्लँड पॅकिंग म्हणतात. ती विकत घेतात किलोवर आणि फिटर मागतो मीटरवर. पाच किलोचं खोकं आलं. फिटरनं तीन वेळा दोन-दोन मीटर नेलं. कारकुनानं तीन वेळा ‘२’ टाकले, आणि कॉम्प्युटरनं ते किलो धरले. झाले सहा किलो खर्च, शिल्लक उणे एक. उणे दिसलं की ऑडिटर विचारणार, म्हणून कुणीतरी समायोजनाची नोंद टाकतो आणि मूळ चूक कायमची गाडली जाते. मी एक मीटर कापून काट्यावर ठेवलं. बारा मिलिमीटरच्या त्या पॅकिंगचं वजन भरलं सुमारे दोनशे ग्रॅम. म्हणजे सहा मीटर गेलं तेव्हा प्रत्यक्ष खर्च सव्वा किलोच्या आत. पुस्तकात उणे एक, आणि खोक्यात जवळजवळ पावणेचार किलो. टिपणात आकाराप्रमाणे मीटरचं वजन लिहून दिलं आणि एक खूणही: ज्या वस्तूची शिल्लक पुन्हापुन्हा उणे होते किंवा वर्षाअखेर गोल आकड्यावर आणली जाते, तिथे चोर शोधू नकोस, माप बघ. वायर रोप, केबल, वेल्डिंग रॉड, सगळ्यांची हीच गत.

उसनवारीचं पान तसंच. एकमेकांना माल देणं ही कारखान्यांची जुनी रीत आहे, आणि ती मोडू नये. पण दिलेला माल पुस्तकात शिल्लकच दिसतो आणि परत आला की जादा दिसतो. माझ्याकडे दोन देणी आणि एक येणं होतं, गेटपास नंबरासह लिहिली.

माझ्या जागी आलेला पोरगा डिप्लोमा झालेला. टिपण वाचून म्हणाला, “अण्णा, मोजायचं कसं? चार हजारांवर आयटम आहेत.”

“सगळे मोजू नकोस. महाग असतात ते पहिले मोज, मग मी चुका लिहिल्यात ते मोज. बाकीच्यातले कुठलेही शंभर काढ. ते जुळले तर सही कर.”

“आणि न्हाई जुळलं तर?”

“तर सहीच्या वर तसं लिही.”

त्यानं ३१ मेला सही केली आणि वर हातानं लिहिलं: ‘बेअरिंग मोजणे बाकी, ४ जूनपर्यंत.’ काही लोकांना ते आवडलं नाही. मला आवडलं.

टिपणाच्या सातव्या पानावर मी लिहिलं होतं, २२२२० पुस्तकात सात. त्यात के चार, साधी तीन. कोड वेगळे करण्याचा अर्ज दिला आहे. ४ जूनला दुपारी त्याचा फोन आला.

“अण्णा, के तीनच हैत.”

“खोकी बघितलीस?”

“खोकी चार हैत. पण एका के-च्या खोक्यात साधं बेअरिंग निघालं. रिंगेवरचा नंबर वाचला.”

बेअरिंगचं पॅकिंग मोजणीसाठी फोडू नये, धूळ बसते आणि तेल सुकतं, म्हणून मी इतकी वर्षं खोक्यावरची चिठ्ठी वाचून मोजत आलो. कुणीतरी कधीतरी काढलेलं बेअरिंग हाताला येईल त्या खोक्यात परत घातलं होतं. मी त्याला सांगितलं, पान सात, ओळ चार, चारचे तीन कर, खाली तारीख घाल, आणि एक के आजच मागणीत टाक.